साताने भागा, वार सांगा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री जेवणे आटोपली की फोटो पडू लागतात. सराव संचाचे एखादे पान, त्यावर मोबाइलचीच सावली, कडेचे अर्धे शब्द कापलेले आणि मधोमध पेनाने गोल केलेला एक प्रश्न. खाली एवढेच लिहिलेले असते, ‘कसं करायचं हे?’ घड्याळ आणि दिनदर्शिकेच्या प्रकरणातले प्रश्न या फोटोंत हमखास असतात. त्यांतला एक नमुना घेऊ. ‘२६ जानेवारी १९५० रोजी गुरुवार होता, तर १ मे १९६० रोजी कोणता वार होता?’ पर्याय चार आहेत: शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार.

पहिली तारीख प्रजासत्ताकाची, दुसरी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेची. दोन्ही पाठ असतात, पण वार कुणी पाठ करत नाही, आणि करायची गरजही नाही. मधले सगळे दिवस मोजून त्यांना साताने भागले की झाले. भागाकार किती आला याच्याशी आपल्याला काही घेणे नाही, कारण तो पुरे झालेल्या आठवड्यांचा आकडा असतो आणि पुरा आठवडा गेला की वार जिथे होता तिथेच परत येतो. कामाची असते ती फक्त बाकी. बाकी तीन आली तर वार तीन घरे पुढे, शून्य आली तर वार तोच. परीक्षेच्या पुस्तकांत या बाकीला ‘जादा दिवस’ म्हणतात.

पावणेचार हजार दिवस कागदावर मोजत बसणे मात्र परीक्षेत परवडणारे नाही, म्हणून बाकी तुकड्यातुकड्याने काढतात. साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. त्यामुळे आज जी तारीख ज्या वारी आहे, ती पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. वाढदिवस यंदा सोमवारी आला असेल तर पुढच्या खेपेला मंगळवारी. मधे २९ फेब्रुवारी आला तर दोन वार पुढे. एवढ्या भांडवलावर फोटोतला प्रश्न सुटतो.

२६ जानेवारी १९५० पासून २६ जानेवारी १९६० पर्यंत दहा वर्षे होतात. त्यांचे जादा दिवस दहा. या काळात २९ फेब्रुवारी किती वेळा आला? १९५२ मध्ये एकदा आणि १९५६ मध्ये एकदा. १९६० हेही लीप वर्ष आहे, पण आपण अजून त्याच्या जानेवारीतच उभे आहोत, त्याचा २९ फेब्रुवारी पुढे आहे. म्हणून जादा दिवस दहा अधिक दोन, बारा. बारातून एक पुरा आठवडा वजा केला की पाच उरतात. गुरुवारच्या पुढे पाच वार म्हणजे मंगळवार. २६ जानेवारी १९६० रोजी मंगळवार होता.

आता तिथून १ मेपर्यंत. जानेवारीचे उरलेले ५ दिवस, फेब्रुवारीचे २९, मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचा १. बेरीज ९६. साताने भागल्यावर बाकी पाच. मंगळवारच्या पुढे पाच वार, रविवार. १ मे १९६० रोजी खरोखरच रविवार होता.

सरावलेली मुले ९६ ही बेरीजसुद्धा करत नाहीत. ३१ दिवसांच्या महिन्याची बाकी नेहमी तीन, ३० दिवसांच्या महिन्याची दोन, साध्या फेब्रुवारीची शून्य आणि लीप वर्षातल्या फेब्रुवारीची एक. मग जानेवारीचे ५, फेब्रुवारीचा १, मार्चचे ३, एप्रिलचे २ आणि मेचा १, असे बारा होतात, आणि त्यांतून पुन्हा पाचच उरतात. बेरजेच्या मध्ये कुठेही सात टाकून दिले तरी शेवटची बाकी बदलत नाही. सगळ्या पद्धतीचा जोर या एका गोष्टीवर आहे.

उत्तर आले, पण या प्रश्नाची खरी गंमत चुकीच्या पर्यायांत आहे. ते कुणी डोळे मिटून टाकलेले नाहीत. १९६० चा लीप दिवस वर्षांतही धरला आणि महिन्यांतही धरला, तर उत्तर सोमवार येते. दोन्हीकडे विसरला तर शनिवार. मंगळवार येतो तो वर्षांचा हिशेब झाल्यावर घाईने तिथेच थांबणाऱ्याला. सोमवारकडे जाणारी आणखीही एक वाट आहे: २६ जानेवारी हा सुरुवातीचा दिवसच मोजणीत धरायचा, म्हणजे ९६ च्या जागी ९७ होतात. ही चूक फार रुळलेली आहे, कारण सुट्टी मोजताना किंवा भाड्याचे दिवस मोजताना आपण दोन्ही टोके धरतो. इथे मात्र दिवस मोजायचे नसून उड्या मोजायच्या असतात. गुरुवारवरून शुक्रवारवर गेलो की एक उडी. गुरुवारवर उभे राहणे ही उडी नव्हे.

लीप दिवसाबाबत एकच प्रश्न स्वतःला विचारावा: सुरुवातीच्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत चालत गेलो तर वाटेत २९ फेब्रुवारी किती वेळा लागेल? ‘किती लीप वर्षे आली’ असा प्रश्न विचारणारा फसतो, कारण वर्ष लीप असले तरी त्याचा तो दिवस आपल्या वाटेच्या अलीकडे किंवा पलीकडे राहिलेला असू शकतो.

फोटोतल्या प्रश्नाला आणखी एक अडचण असते, आणि ती गणिताची नसते. पानाच्या घडीवर आकडा येतो, फोटो हलतो, आणि देवनागरीतले पाच आणि सहा, किंवा एक आणि नऊ, एकमेकांसारखे दिसू लागतात. समजा या फोटोत १९५० चा पाच पुसट होता आणि कुणी तो १९६० वाचला. मग प्रश्न झाला २६ जानेवारी १९६० पासून १ मे १९६० पर्यंतचा. वर्षे शून्य, दिवस तेच ९६, बाकी पाच, आणि गुरुवारच्या पुढे पाच म्हणजे मंगळवार. हा वार नेमका पर्यायांत आहे, त्यामुळे चुकल्याची शंकासुद्धा येणार नाही. ग्रुपवर दोन जण रविवार म्हणतात, दोन जण मंगळवार, आणि वाद पद्धतीवर चालतो. चूक पद्धतीत नसून वाचण्यात आहे हे लवकर लक्षात येत नाही.

पण प्रश्नानेच पडताळा देऊन ठेवला आहे. २६ जानेवारीला गुरुवार होता, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा ओळखीच्या एखाद्या वारापासून दिलेली तारीख तपासून पाहावी. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, हे अनेकांना ठाऊक असते. १५ ऑगस्ट १९४९ पर्यंत दोन वर्षे आणि १९४८ चा एक लीप दिवस, मिळून तीन, म्हणून सोमवार. तिथून २६ जानेवारी १९५० पर्यंत ऑगस्टचे १६, मग सप्टेंबर ते डिसेंबरचे ३०, ३१, ३० आणि ३१, शेवटी जानेवारीचे २६, असे १६४ दिवस. १६१ ला सात तेवीस वेळा जातात, बाकी तीन. सोमवारच्या पुढे तीन, गुरुवार. म्हणजे फोटोतले वर्ष १९५० च आहे. १९६० असते तर तिथे मंगळवार छापलेला असता.

हा पडताळा सगळीकडे चालत नाही. काही प्रश्नांत ‘जर अमुक तारखेला सोमवार असेल तर’ अशी मानलेली अट असते आणि ती प्रत्यक्ष दिनदर्शिकेशी जुळतेच असे नाही. तिथे खरा वार माहीत असणारा हुशार विद्यार्थीच गोत्यात येतो. प्रश्नात दिलेला वार प्रमाण धरायचा आणि पुढे जायचे, उत्तरतालिका त्याच वारावर बेतलेली असते. ‘होता’ आणि ‘असेल’ यांतला फरक फोटो पाहताना म्हणूनच नीट वाचावा लागतो.

आता असा प्रश्न घेऊ ज्यात कोणताच वार दिलेला नाही. ‘१५ ऑगस्ट १९४७ रोजी कोणता वार होता?’ इथे मोजणी कुठून सुरू करायची? आजची दिनदर्शिका मागे नेत नेत इसवी सनाच्या पहिल्या वर्षापर्यंत ताणली, तर १ जानेवारीला सोमवार येतो. त्याच्या आदल्या दिवशी रविवार. म्हणून एकूण बाकी शून्य आली तर रविवार, एक आली तर सोमवार, अशी सहा म्हणजे शनिवारपर्यंतची यादी तयार होते.

शतकांची बाकी एकदाच काढून ठेवायची. शंभर वर्षांत चारने भाग जाणारी पंचवीस वर्षे येतात, पण शतकाचे शेवटचे वर्ष लीप धरत नाहीत, म्हणून चोवीस. शंभर आणि चोवीस मिळून १२४, साताने भागून बाकी पाच. दोनशे वर्षांची बाकी दहा, म्हणजे तीन. तीनशे वर्षांची पंधरा, म्हणजे एक. चारशे वर्षांची वीस यायला हवी, पण चारशेने भाग जाणारे वर्ष अपवादाचाही अपवाद म्हणून लीप धरतात, तेव्हा आणखी एक दिवस मिळून एकवीस होतात, आणि बाकी उरते शून्य. चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात आणि त्यांचे बरोबर २०,८७१ आठवडे होतात, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. म्हणूनच चारशे वर्षांनी दिनदर्शिका पहिल्या पानावर येते. शतकाचा शेवटचा दिवस शुक्रवार, बुधवार, सोमवार किंवा रविवार यांपैकीच एक असू शकतो, मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार कधीही नाही, हा परीक्षकांचा आवडता प्रश्नही याच चार बाक्यांतून निघतो.

१९४७ पुरे झालेले नाही, म्हणून पुरी वर्षे १९४६. त्यांतल्या १६०० ची बाकी शून्य, पुढच्या तीनशेची एक. उरलेल्या ४६ वर्षांत लीप वर्षे अकरा, म्हणून ४६ आणि ११ मिळून ५७, बाकी एक. वर्षांचे एकूण दोन झाले. १९४७ मधले १५ ऑगस्टपर्यंतचे दिवस २२७, बाकी तीन. दोन आणि तीन पाच, शुक्रवार. १९४७ आणि २०२५ या दोन्ही वर्षांचा १ जानेवारी बुधवारी आला आणि दोन्ही वर्षे साधी, त्यामुळे २०२५ ची भिंतीवरची दिनदर्शिका आणि १९४७ ची दिनदर्शिका वारांपुरती एकसारखीच होती. १५ ऑगस्ट २०२५ हाही शुक्रवारच.

शतकाच्या शेवटच्या वर्षाचा नियम मुलेच विसरतात असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्ये १९०० साल लीप धरलेले आहे. तिथे २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख बिनतक्रार स्वीकारली जाते. आधीच्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती आणि त्याच्या फाइली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम ठेवून घेतली. परिणाम असा की १ जानेवारी १९०० ला एक्सेल रविवार सांगते, प्रत्यक्षात तो सोमवार होता. बाकी काढून पाहा: १६०० ची शून्य, दोनशेची तीन, पुढच्या ९९ वर्षांची ९९ अधिक २४ म्हणजे १२३, बाकी चार. तीन आणि चार सात, म्हणजे शून्य, आणि १ जानेवारीचा एक. सोमवार. १ मार्च १९०० पासून पुढचे वार एक्सेलमध्ये बरोबर येतात.

इथपर्यंत ही पद्धत बिनचूक वाटते. आता तिला शिवजयंती विचारून पाहू.

महाराष्ट्र शासन शिवजयंती १९ फेब्रुवारीला साजरी करते आणि जन्मवर्ष १६३० मानले जाते. पुरी वर्षे १६२९. सोळाशेची बाकी शून्य, २९ वर्षांत सात लीप, म्हणून ३६, बाकी एक. जानेवारीची बाकी तीन, फेब्रुवारीचे १९ म्हणजे पाच, दोन्ही मिळून आठ, म्हणजे एक. एकूण दोन. उत्तर मंगळवार.

पण ही जन्मतिथी ज्या जेधे शकावलीवरून मुख्यतः ठरली, ती मंगळवार म्हणत नाही. भोर भागातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया आणि वार शुक्रवार अशी नोंद आहे. शुक्रवार आणि मंगळवार, तीन वारांचा फरक. शकावली चुकली की साताचा पाढा?

दोन्ही बरोबर आहेत. चुकते ते १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आजच्या दिनदर्शिकेतली आहे असे समजणे. ती आहे जुन्या, ज्युलियन दिनदर्शिकेतली. ज्युलियन पद्धतीत दर चौथे वर्ष बिनअपवाद लीप असे, शतकाच्या शेवटचेसुद्धा. त्यामुळे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होई, आणि सोळाव्या शतकापर्यंत ऋतू आणि तारखा यांत दहा दिवसांची फारकत झाली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ते दहा दिवस गाळले. त्या वर्षी रोममध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. पण ४ तारखेला गुरुवार होता आणि १५ तारखेला शुक्रवार. तारखा तोडल्या, वारांची साखळी कुणी तोडली नाही.

हा बदल सगळ्यांनी एकदम स्वीकारला नाही. पोर्तुगालने तो १५८२ मध्येच स्वीकारला. इंग्लंडने १७५२ पर्यंत दम धरला आणि तोवर फरक अकरा दिवसांवर गेला होता, कारण १७०० हे साल जुन्या पद्धतीत लीप होते आणि नव्यात नव्हते. तिकडे २ सप्टेंबर १७५२ च्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. म्हणजे शिवकालात सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या पत्रावरची तारीख आणि पोर्तुगीजांच्या पत्रावरची तारीख यांत एकाच दिवशी दहा दिवसांचे अंतर असे. वार मात्र दोन्हीकडे एकच. शिवकालाच्या इंग्रजी तारखा इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा जुन्या पद्धतीनेच दिलेल्या असतात.

मग दुरुस्ती सोपी आहे. १९ फेब्रुवारीत दहा दिवस मिळवले की आजच्या दिनदर्शिकेतली १ मार्च १६३० ही तारीख मिळते. दहाला साताने भागले की बाकी तीन. मंगळवारच्या पुढे तीन वार, शुक्रवार. शकावलीतला वार जसाच्या तसा हाती येतो. इतिहासाचे अभ्यासक जुन्या कागदाची तारीख ठरवताना वाराला एवढा मान देतात तो याचसाठी. नक्कल करताना तिथीचा आकडा चुकू शकतो, दोन पंचांगांत तिथी एका दिवसाने मागेपुढे होऊ शकते, पण तिथी, शक आणि वार हे तिघे एकमेकांशी जुळले तर कागदावर विश्वास ठेवायला मोठा आधार मिळतो. तमिळनाडूतले एल. डी. स्वामिकन्नू पिल्लै यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा पडताळ्यासाठीच जाडजूड कोष्टके तयार केली.

मोबाइलमधली दिनदर्शिका मागे सरकवत १६३० पर्यंत नेली तर ती १९ फेब्रुवारीला मंगळवारच दाखवेल, कारण ती आजचाच नियम मागे ताणते. जुन्या युनिक्स संगणकांवरची एक आज्ञा मात्र इंग्लंडचा इतिहास लक्षात ठेवते. तिथे

```
cal 9 1752
```

असे टाइप केले की सप्टेंबर १७५२ छापला जातो, आणि त्यात दोन तारखेच्या शेजारी थेट चौदा तारीख उभी असते.

राज्याभिषेकाची तारीख याच रीतीने तपासली तर आणखी एक पेच सापडतो. ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. पुरी वर्षे १६७३: सोळाशेची बाकी शून्य, ७३ वर्षांत अठरा लीप, ९१, बाकी पुन्हा शून्य. ६ जूनपर्यंतचे दिवस १५७, बाकी तीन, म्हणून बुधवार. जुन्या दिनदर्शिकेसाठी तीन वार मिळवले की शनिवार. पण जेधे शकावलीत या प्रसंगाला शुक्रवार लावलेला आहे. इथे फरक एकाच वाराचा आहे, आणि त्याचे कारण दिनदर्शिकेत सापडत नाही, ते घड्याळात आहे. राजे सिंहासनावर बसले ते तीन घटका रात्र उरली असताना, म्हणजे सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. शकावलीकाराच्या लेखी शुक्रवारची रात्र अजून संपलेली नव्हती, आणि इंग्रजी हिशेबाने मात्र ६ जूनचा शनिवार काही तासांपूर्वीच लागला होता.